फ्रिज, टेलरचं लेबल आणि ‘सत्य घटनेवर आधारित’

प्रश्न: आमच्या ऑफिसच्या क्विझमध्ये ‘क्राइम पेट्रोल’च्या एका भागाचं वर्णन आलं होतं. भागाचं नाव ‘अहमदाबाद-पुणे मर्डर केस’, डिसेंबर २०२२. नवरा बायकोचा खून करतो, मृतदेहाचे तुकडे करून फ्रिजमध्ये ठेवतो. पर्याय दोनच: खऱ्या केसचं नाट्यरूपांतर की काल्पनिक? मी ‘खरी’ म्हटलं, कारण ती केस कुठली हे सगळ्यांनाच माहीत आहे. उत्तर चूक ठरलं. असे प्रश्न वरचेवर येतात. नुसतं वर्णन वाचून ओळखायचं कसं?

उत्तर:

तुमचं उत्तर अर्धं होतं आणि क्विझमास्तरांचंही अर्धंच होतं. दोष तुमच्या माहितीचा नाही, त्या दोन पर्यायांचा आहे. तुमच्या भागाकडे मी शेवटी येते, कारण त्याआधी हे भाग बनतात कसे ते सांगायला हवं.

मी मुंबईत एका हिंदी गुन्हे-मालिकेसाठी नऊ वर्षं रिसर्च केला. त्याआधी तालुक्याची बातमीदार होते, त्यामुळे पोलीस ठाण्यात कोणाशी कसं बोलायचं हे ठाऊक होतं. मालिकेतलं माझं काम म्हणजे तपासी अंमलदारांना गाठायचं, फिर्याद आणि दोषारोपपत्राच्या प्रती मिळवायच्या, जमलं तर सरकारी वकिलांशी आणि मयताच्या घरच्यांशी बोलायचं, आणि या सगळ्याचं आठ-दहा पानांचं टिपण लेखकांच्या टेबलावर ठेवायचं. पुढे त्या टिपणाचं काय होतं, हे मी नऊ वर्षं जवळून पाहिलं. भागात कागदावरचं आणि रचलेलं सरमिसळ होऊन येतं, कधी कधी तर एकाच वाक्यात. म्हणून ‘हा भाग खरा का?’ असं मी विचारत नाही. वर्णनातलं कोणतं वाक्य कागदावरून आलं असेल आणि कोणतं लेखकाच्या टेबलावर जन्मलं असेल, हे मी बघते.

बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे, हे आधीच सांगते. कार्यक्रमाचं नाव आणि प्रसारणाची तारीख दिली असेल तर बऱ्यापैकी सांगता येतं. नुसत्या चार ओळींचं कथानक असेल तर मलाही फक्त अंदाज बांधता येतो, आणि तो चुकू शकतो.

सगळ्यात आधी कार्यक्रमाचा साचा बघा. ‘सीआयडी’ १९९८ मध्ये सुरू झाली, आणि तिथे एसीपी प्रद्युम्नांचा तोच चमू दर आठवड्याला नवा खून सोडवतो. ही उघड कल्पित मालिका आहे. खऱ्या जगात अहिल्यानगरचा आणि नागपूरचा खून एकाच अधिकाऱ्याकडे येत नाही, कारण ज्या ठाण्याची हद्द त्याचा तपास. कायमचा चमू असेल तर एखाद्या भागाचं बीज बातमीत असूही शकतं, पण तपास रचलेला असणार. ‘क्राइम पेट्रोल’सारख्या मालिकेत दर वेळी गाव वेगळं, ठाणं वेगळं आणि अधिकाऱ्याचं नावही वेगळं असतं. नट मात्र तेच तेच असतात, त्यामुळे प्रेक्षकांना तोही कायमचा चमू वाटतो. क्विझच्या वर्णनात ‘नेहमीचा इन्स्पेक्टर’ असं काही आलं तर ते नटाबद्दल आहे की पात्राबद्दल, हे आधी तपासा.

तिसरा प्रकार म्हणजे प्रेक्षकांकडून माहिती मागणारे कार्यक्रम. जर्मनीत १९६७ पासून ‘आक्टेनत्साइशन एक्स-वाय’ चालतो, ब्रिटनमध्ये १९८४ साली ‘क्राइमवॉच’ आला, अमेरिकेत १९८८ साली ‘अमेरिकाज मोस्ट वाँटेड’, आपल्याकडे झी टीव्हीवर ‘इंडियाज मोस्ट वाँटेड’. इथे दाखवलेलं पाहून कोणीतरी फोन करायचा असतो. त्यामुळे मयताचे कपडे, गाडीचा रंग, रस्ता आणि वेळ अशा गोष्टी शक्य तितक्या अचूक ठेवतात. ती माहिती बदलली तर कार्यक्रमाचा उपयोगच संपतो. संवाद मात्र तिथेही रचलेलेच असतात.

आता नाट्यरूपांतर नक्की कसं होतं, ते एका केसवरून सांगते. गाव, नावं आणि ओळख पटेल असं काहीही मी लिहिणार नाही.

पश्चिम महाराष्ट्रात एका कालव्यात बाईचा मृतदेह सापडला. साल २००९. अंगावर साडी-ब्लाऊज, जवळ काहीही नाही. ठाण्यात आधी अकस्मात मृत्यूची नोंद झाली. शवविच्छेदनात गळा दाबल्याचं निघालं आणि मग खुनाचा गुन्हा दाखल झाला. अनोळखी मयताच्या तपासात पहिली अडचण खुनी कोण ही नसतेच. बाई कोण, हेच माहीत नसतं. शेजारच्या ठाण्यांतल्या हरवल्याच्या नोंदी जुळेनात. शेवटी हाती राहिला तो ब्लाऊज. त्याच्या मानेच्या आतल्या बाजूला टेलरचं कापडी लेबल होतं, बोटभर लांबीचं. धुऊन धुऊन दुकानाचं नाव पुसट झालेलं, गावाच्या नावातली दोन अक्षरं तेवढी शाबूत. एक हवालदार ते लेबल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तीन गावांतल्या टेलरांकडे फिरला. तिसऱ्या गावातल्या टेलरने लेबलाकडे नीट पाहिलंही नाही. त्याने ब्लाऊजचा फोटो मागवला, हुकपट्टीची शिलाई बघितली आणि म्हणाला, माझ्या हातची आहे. मग मापाच्या वह्या काढल्या. बाईचं नाव कुठेच नव्हतं, पण एका पानावर ही मापं होती आणि वर बाईच्या आईचं नाव होतं. माहेरी आली की आईच्या खात्यावर शिवून घ्यायची. मृतदेह सापडल्यापासून इथवर यायला अडीच महिने गेले होते.

मी हे सगळं टिपणात लिहिलं. मला वाटत होतं, भाग या वहीवरच उभा राहील. बैठकीत उलटंच झालं. ‘टेलरला शिलाई ओळखू येते हे कोणाला पटेल? फारच फिल्मी वाटतं,’ असं ठरलं. पडद्यावर आलं ते असं: मयताच्या परकराच्या शिवणीत सिमकार्ड सापडतं, टॉवरवरून गाव कळतं आणि अठ्ठेचाळीस तासांत ओळख पटते. हवालदार गेला, टेलर गेला, वही गेली. तपासात एकामागून एक तीन अधिकारी बदलले होते, त्यांचा एक तडफदार अधिकारी झाला. दोषारोपपत्रात खुनाचं कारण एका ओळीत होतं, ‘घरगुती कारणावरून’. त्या एका ओळीच्या जागी पडद्यावर दीराशी प्रेमप्रकरण आलं आणि त्यावर अर्धा भाग चालला. टिपणात त्याचा एक शब्दही नव्हता.

काही वर्षांनी पुण्यात एका कॉलेजच्या क्विझला मी प्रेक्षकांत बसले होते आणि नेमका हाच भाग प्रश्नात आला. ‘परकरात शिवलेल्या सिमकार्डवरून मयताची ओळख पटते. खरी घटना की काल्पनिक?’ उत्तरपत्रिकेत होतं, ‘खरी’. मुलांनीही बरोबर तेच सांगितलं. खून खरा होता, कालवा खरा होता, पण प्रश्नात विचारलेली एकुलती एक गोष्टच रचलेली होती. उलट, टेलरची गोष्ट प्रश्नात आली असती तर मुलांनी ती काल्पनिक ठरवली असती, याची मला खात्री आहे. आमच्या बैठकीतल्या अनुभवी माणसांनीही तेच केलं होतं.

म्हणून ‘विश्वास बसत नाही, म्हणजे रचलेलं’ हा निकष मी कधीच लावत नाही. लेखकावर पटण्याजोगं लिहायची सक्ती असते, घटनेवर ती नसते. अमेरिकेतलं जॉन लिस्टचं प्रकरण घ्या. न्यू जर्सीतल्या वेस्टफील्डमध्ये १९७१ साली या हिशेबनिसाने आई, बायको आणि तीन मुलांना मारलं आणि तो नाहीसा झाला. १९८९ मध्ये ‘अमेरिकाज मोस्ट वाँटेड’ने त्याची केस घेतली. फ्रँक बेंडर नावाच्या शिल्पकाराने जुन्या फोटोंवरून, अठरा वर्षांनी हा माणूस कसा दिसत असेल याचा अंदाज बांधून त्याचा अर्धपुतळा घडवला आणि त्याला जाड काड्यांचा चष्मा घातला. भाग २१ मे रोजी दाखवला. लिस्ट नाव बदलून आधी जिथे राहत होता, तिथल्या शेजारणीने तो पुतळा पाहून ओळखला, आणि १ जूनला व्हर्जिनियात तो पकडला गेला. प्रसारण ते अटक, अकरा दिवस. हे क्विझमध्ये विचारलं तर बरेच जण ‘पटकथा आहे’ म्हणतील. पण यातलं प्रत्येक विधान नोंदवलेलं आहे. वर्ष आहे, गाव आहे, तारखा आहेत, पुतळा आहे.

यावरून मी वापरते ती पहिली कसोटी निघते. वर्णनातलं प्रत्येक वाक्य घ्या आणि विचारा, हे कोणाला माहीत असणार, आणि त्याने ते कुठे लिहून ठेवलं असणार? मृतदेह कुठे, कोणत्या स्थितीत सापडला हे पंचनाम्यात असतं. मृत्यू कशाने झाला हे शवविच्छेदन अहवालात असतं. हत्यार कुठून काढून दिलं हे निवेदन पंचनाम्यात असतं. शिक्षा काय झाली हे निकालपत्रात असतं. अशी वाक्यं कागदावरून आलेली असण्याची शक्यता मोठी. पण ‘त्या रात्री तिने ठरवलं की आता सहन करायचं नाही’ हे मयताबद्दलचं वाक्य कोणी ऐकलं? खोलीत दोघंच होती, त्यातली एक मेली, दुसऱ्याने गुन्हा नाकारला. मग त्या खोलीतला पाच मिनिटांचा संवाद लेखकाचाच असणार.

आरोपी पोलीस कोठडीत सगळं सविस्तर सांगतो आणि फ्लॅशबॅक सुरू होतो, या दृश्याचं विशेष भान ठेवा. आपल्याकडे पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या पुरावा कायद्यात ते कलम २५ होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमात कलम २३ आहे. चालतो तो फक्त ज्यामुळे एखादी वस्तू सापडली तेवढाच भाग. खऱ्या फाइलमध्ये तो सहसा दोन-तीन ओळींचा असतो: कोयता कुठे लपवला ते मी दाखवतो, आणि पुढे पंचांच्या सह्या. पडद्यावर त्या दोन ओळींची वीस मिनिटं होतात. क्विझच्या वर्णनात आरोपीच्या मनातले विचार आले असतील, तर ते या वीस मिनिटांतून आले आहेत असं समजा.

दुसरी कसोटी नावांची, आणि इथे लोक सर्वांत जास्त फसतात. ‘अशा नावाची केस शोधली, सापडली नाही, म्हणजे काल्पनिक,’ हा तर्क चुकीचा आहे. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं हा आपल्याकडे गुन्हा आहे. भारतीय दंड संहितेत त्याचं कलम २२८-अ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम ७२ आहे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारात पॉक्सो कायदा, आणि अल्पवयीन आरोपींसाठी बालन्याय कायदा हेच सांगतो. पीडिता जिवंत नसली तरी हे बंधन सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे खरी केस असली की नाव बदललेलं असण्याचीच शक्यता जास्त. आमच्याकडे खुनाच्या साध्या केसमध्येही नावं बदलत, कारण खटला चालू असायचा आणि घरच्यांना त्रास व्हायचा. आडनाव बदलताना जात-धर्मही बदलला जातो, आणि मग भागाचा अर्थच बदलतो. याबद्दल आमच्याकडे बैठकीत भांडणं होत, मीही केली आहेत. पण खरं-खोटं ठरवायला नाव उपयोगाचं नाही, एवढं धरून चाला.

गावाचंही तेच. शहर बदलतात. सहसा न बदलणाऱ्या गोष्टी म्हणजे गुन्ह्याची पद्धत, मृतदेहाची जागा आणि नात्याचं स्वरूप. पण सहसा म्हणजे नेहमी नव्हे. सिमकार्डाचं उदाहरण तुम्ही आत्ताच वाचलंत.

तिसरी कसोटी तारखेची, आणि क्विझमध्ये ती सगळ्यात कामाची. गुन्हा केव्हा घडला, अटक केव्हा झाली, दोषारोपपत्र केव्हा आलं, भाग केव्हा दाखवला, या तारखा एका ओळीत मांडा. खुनासारख्या गुन्ह्यात आरोपी कोठडीत असेल तर पोलिसांना दोषारोपपत्रासाठी नव्वद दिवस मिळतात, नाहीतर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. दोषारोपपत्र येईपर्यंत पोलिसांची सलग गोष्ट कागदावर नसते. असतात त्या बातम्या, रिमांड अर्ज आणि ‘सूत्रांनी सांगितलं’. भाग त्याआधी आला असेल तर त्यातला तपास फाइलवरून घेतलेला असूच शकत नाही.

तारखेचा दुसराही उपयोग आहे. कालव्याच्या केसचा भाग दाखवला तेव्हा सत्र न्यायालयात खटला चालू होता, आणि भागात नवराच खुनी म्हणून दाखवला. पुढे सत्र न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. त्यानंतर उच्च न्यायालयाने परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी तुटते म्हणून त्याला निर्दोष सोडलं. भाग मात्र यूट्यूबवर तसाच आहे, नवऱ्याच्या हातात दोरी असलेला. आजच्या क्विझमध्ये ‘नवऱ्याने बायकोचा खून करून कालव्यात टाकलं, खरी घटना’ असं लिहिलं, तर ते न्यायालयाने सोडलेल्या माणसावर केलेलं विधान आहे. मला हे फार लागतं, कारण टिपण माझं होतं. म्हणून क्विझ करणाऱ्यांना मी सांगते: भाग कोणत्या टप्प्यावर दाखवला ते बघा, आणि शेवटी सूत्रधार खटल्याची स्थिती सांगतो ती ऐका. ती त्या दिवसापुरतीच खरी असते.

आता तुमचा भाग. तुम्ही ज्या केसबद्दल म्हणताय ती दिल्लीतल्या मेहरौलीची. वसईच्या तरुणीचा मे २०२२ मध्ये खून झाला, सोबत राहणाऱ्या तरुणाला नोव्हेंबरमध्ये अटक झाली, आणि मृतदेहाचे तुकडे करून फ्रिजमध्ये ठेवल्याचं पोलिसांनी सांगितलं. तुमच्या प्रश्नातला भाग २७ डिसेंबर २०२२ ला दाखवला. पात्रांची नावं आणि शहरं वेगळी, आणि एकत्र राहणारं जोडपं म्हणून न दाखवता नवरा-बायको म्हणून दाखवलं होतं. लोक संतापले, त्यात पात्रांचे धर्म बदलल्याचा रागही होता. काही दिवसांतच सोनीने निवेदन काढलं की हा भाग कल्पित आहे, २०११ मधल्या काही घटनांवर आधारलेला आहे आणि अलीकडच्या कोणत्याही केसशी त्याचा संबंध नाही. प्रेक्षकांच्या भावनांचा मान ठेवून प्रसारण थांबवल्याचंही त्यात म्हटलं होतं.

आता तारखा मांडा. अटक नोव्हेंबरच्या मध्याला, भाग डिसेंबरच्या अखेरीला, आणि दिल्ली पोलिसांचं दोषारोपपत्र आलं २४ जानेवारी २०२३ ला. म्हणजे भाग आला तेव्हा त्या केसची फाइल पूर्ण झालेलीच नव्हती. त्यामुळे ‘मेहरौलीच्या केसचं नाट्यरूपांतर’ हे तुमचं उत्तर, कागदावरून केलेलं नाट्यरूपांतर या अर्थाने, टिकत नाही. बातम्या वाचून काही उचललं का, हे बाहेरून सिद्ध करता येत नाही, आणि वाहिनीने ते नाकारलं आहे.

फ्रिजवरूनही ठरवता येत नाही. तुम्ही फ्रिज वाचलात आणि लगेच मेहरौली आठवली. पण डेहराडूनमध्ये २०१० साली एका इंजिनिअरने बायकोचा खून करून मृतदेहाचे तुकडे डीप फ्रीझरमध्ये ठेवले होते, आणि ते प्रकरण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उघडकीला आलं. तिथे नवरा-बायकोच होते. हा भाग त्या केसवरून घेतला असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला माझ्याकडे आधार नाही. पण एकच अंगावर काटा आणणारा तपशील दोन वेगळ्या, खऱ्या केसेसमध्ये असू शकतो. डोक्यात ताजी असलेली केस आपोआप पुढे येते. अशा वेळी त्या तपशिलाखेरीज आणखी दोन गोष्टी जुळतात का ते बघा, म्हणजे नातं आणि गुन्हा उघडकीला कसा आला ते. तुमच्या वर्णनात नातं मेहरौलीशी जुळतच नव्हतं.

क्विझमास्तरांचं ‘काल्पनिक’ही मात्र पुरतं बरोबर नाही. वाहिनीचं स्वतःचं म्हणणं दोन तुकड्यांचं आहे: कल्पित, आणि काही घटनांवर आधारलेलं. ‘काही घटना’ हा अनेकवचनी शब्द महत्त्वाचा आहे. आमच्या कामात ‘सत्य घटनेवर आधारित’ म्हणजे एकच फाइल आणि तिच्याभोवती रचलेले संवाद. ‘सत्य घटनांपासून प्रेरित’ म्हणजे दोन-तीन फाइलींतले तुकडे जोडून नवी गोष्ट. दुसऱ्या प्रकारात एकेक तुकडा खरा असतो, पण ती सबंध गोष्ट कोणाच्याच आयुष्यात घडलेली नसते. क्विझच्या वर्णनात या पाटीचे शब्द दिले असतील तर एकवचन की अनेकवचन, हे आधी वाचा.

प्रश्न आधी कळला असेल आणि शोधायला वेळ असेल, तर नावाने शोधू नका. गावाजवळचं ठाणं, वर्ष आणि गुन्ह्याची पद्धत घेऊन त्या काळातल्या स्थानिक बातम्या शोधा. जिल्हा आवृत्तीत खुनाची बातमी तीन-चार दिवस तरी चालते. बातमीतून आरोपीचं नाव मिळालं की indiankanoon.org किंवा judgments.ecourts.gov.in वर निकालपत्र सापडतं का बघा. जुन्या खुनाच्या केसेस कलम ३०२ खाली असतील, जुलै २०२४ नंतरच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ खाली. निकालपत्र सापडलं तर पहिली काही पानं नीट वाचा, कारण फिर्यादी पक्षाची गोष्ट सुरुवातीलाच थोडक्यात दिलेली असते. तिथे टेलर असेल आणि भागात सिमकार्ड, तर तुमचं काम झालं. लैंगिक गुन्ह्यांच्या आणि मुलांच्या केसेसमध्ये मात्र पीडितेचं नाव शोधू नका, आणि सापडलं तर क्विझमध्ये कधीही घालू नका.

अमेरिकेतल्या ‘बियाँड बिलीफ: फॅक्ट ऑर फिक्शन’वरचे प्रश्नही हल्ली फिरतात, म्हणून दोन ओळी. १९९७ साली सुरू झालेल्या त्या कार्यक्रमातच खेळ होता: पाच गोष्टी दाखवायच्या आणि शेवटी कुठल्या खऱ्या ते सांगायचं. तिथे ‘खरी’ म्हणजे कार्यक्रमाने खरी म्हटलेली. गावं, नावं, तारखा सहसा दिलेल्याच नसतात, त्यामुळे बाहेरून पडताळायला धरण्याजोगं काही उरत नाही. त्यावरचा प्रश्न आला तर कार्यक्रमाचं उत्तर द्या, जगाचं नको.

तुमच्या क्विझमास्तरांना कळवायचं झालं तर निकाल बदला असं म्हणू नका, प्रश्न बदलायला सांगा. मी तो असा विचारला असता: ‘डिसेंबर २०२२ मध्ये दाखवलेल्या अहमदाबाद-पुणे भागाबद्दल वाद झाल्यावर वाहिनीने तो कोणत्या वर्षातल्या घटनांवर आधारलेला असल्याचं सांगितलं?’ उत्तर एकच, २०११. पडताळता येतं, आणि त्यात कोणाच्या लेकीचं नाव येत नाही.